कुणाचंही काही जाणार नाही

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. साहेब वयाने तिच्यापेक्षा मोठे, पण तेही ताईच म्हणत. गलबतांचा तो ऑनलाइन खेळ सुरू झाला तेव्हापासून खेळाडूंसाठीच्या सूचना ताईच लिहीत आली होती. देखभालीसाठी सर्व्हर कधी बंद होणार, पुन्हा कधी उघडणार, नव्या अपडेटमध्ये काय बदललं, काय बिघडलं होतं आणि काय दुरुस्त झालं. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकदाही चुकीची वेळ छापली गेली नव्हती, आणि इतक्या वर्षांत एकाही खेळाडूने तिच्या सूचनेखाली बरा शब्द लिहिला नव्हता. लोक यायचे, रागावलेला चेहरा टाकायचे, 'परत बंद?' असं विचारायचे आणि निघून जायचे. ताईला त्याचं काहीच वाटत नसे. म्हणजे, पोपट येईपर्यंत वाटत नसे.

पोपट हा तिच्या हाताखाली आलेला पोरगा. खऱ्या नावाने त्याला कुणी हाक मारीत नसे, कारण सूचनांच्या पानावर त्याने स्वतःचं चित्र म्हणून टोपी घातलेला हिरवा पोपट लावला होता. ताईच्या नावासमोर कंपनीचं बोधचिन्ह असायचं, पाटीवर असतं तसं. पोपटाने पहिलीच सूचना लिहिली ती अशी : 'उद्या सकाळी बंदराची झाडलोट आहे. गलबतं नीट बांधून ठेवा, नाहीतर झाडूबरोबर जातील.' बस, एवढंच. त्याच्याखाली लाल बदामांचा पाऊस पडला. लोकांनी त्याला पोपटदादा करून टाकलं. कुणी त्याचं चित्र काढून पाठवलं, कुणी त्याच्यावर कविता केली, आणि ती कविता चांगली होती, हे तर अगदीच सहन होण्यासारखं नव्हतं.

ताई वरवर हसायची. 'छान लिहितो हो पोरगा,' असं साहेबांसमोर म्हणायची आणि जागेवर येऊन पेनाचं टोपण चावायची. तिचं म्हणणं असं की, सूचना म्हणजे काही नाटक नव्हे. माणसाला वेळ कळली पाहिजे, काय होणार ते कळलं पाहिजे, संपलं. हे म्हणणं खरंच होतं. पण खरं म्हणणं मनात घोळवत बसलेल्या माणसाच्या पोटात एवढं दुखत नाही, आणि ताईच्या पोटात दुखत होतं.

ऑफिसातलं दुखणं ऑफिसात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण घरी सासूबाई होत्या.

सासूबाई निवृत्त झाल्यावर सुरुवातीला नुसत्या खिडकीत बसायच्या. मग गुडघा दुखतो म्हणून बाहेर जाणं कमी झालं, आणि मुलाने त्यांना टॅबलेटवर हाच खेळ लावून दिला. बायकोच्याच कंपनीचा आहे, फुकट आहे, आईचा वेळ जाईल, एवढाच त्याचा हिशेब. आईचा वेळ असा गेला की जेवणाची हाक तीनदा मारावी लागू लागली. दूरदूरच्या अनोळखी माणसांबरोबर त्यांची एक टोळी जमली होती. सगळे मिळून एक मोठं गलबत बांधत होते. त्याला लागणारं लाकूड कुठल्यातरी धुक्यातल्या बेटावरून थोडं थोडं आणावं लागे, आणि सासूबाई ते इमानेइतबारे आणत होत्या. सून त्या कंपनीत 'काहीतरी लिहायचं' काम करते एवढं त्यांना माहीत होतं. काय लिहायचं, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि सुनेने कधी सांगितलं नव्हतं.

एकदा भाजी निवडताना त्या म्हणाल्या होत्या, "तो पोपट किती गोड लिहितो गं. आणि दुसरं कोण आहे तुमच्याकडे? ते वाचलं की वीजबिल आल्यासारखं वाटतं."

ताईने तेव्हा एक निरोगी मिरची देठासकट कचऱ्यात टाकली. त्या दिवसापासून सांगायचं कायमचं राहूनच गेलं.

मोठ्या अपडेटचा दिवस उजाडला. देखभाल आधीच ठरलेली होती. सकाळी दारं बंद, म्हणजे सगळे खेळाडू बाहेर. मग संपूर्ण खेळाची एक प्रत काढून बाजूला ठेवायची, कुणाकडे किती माल, कोण कुठे उभा, सगळं त्या क्षणी होतं तसं. मग अपडेट चढवायचं आणि दारं उघडायची. सगळं वेळेवर झालं. आगाऊ सूचना पोपटाने लिहिली होती, बदामही वेळेवर आले होते.

दुपारी जेवणं उरकतात न उरकतात तोच तक्रारी सुरू झाल्या. सुरुवातीला त्या तक्रारी नव्हत्याच, आनंदाच्या बातम्या होत्या. एकाने लिहिलं की, गलबतावरची पेटी वखारीत ठेवली तर ती वखारीतही दिसते आणि गलबतावरही राहते. दुसऱ्याने लिहिलं, माझंही तसंच, खेळ आज प्रसन्न आहे. तिसऱ्याने मात्र लिहिलं की, माझी पेटी दोन्हीकडून नाहीशी झाली.

सर्व्हरवाली, म्हणजे ज्या बाईंच्या हाती सगळी यंत्रं होती त्या, लगेच कामाला लागल्या. अपडेटमध्ये माल नोंदवायची पद्धत बदलली होती. चाचणीच्या सर्व्हरवर दहा-वीस माणसं पेट्या हलवत होती तेव्हा सगळं ठीक चाललं. आता हजारो माणसं एकदम हलवू लागली, नोंदी एकमेकींच्या पायात येऊ लागल्या, आणि एकच पेटी कधी दोन ठिकाणी लिहिली जाई, कधी एकाही ठिकाणी नाही. बाईंनी कुणाशी फार न बोलता एवढंच सांगितलं की, बघतेय, अजून काही लिहू नका.

हे त्यांनी ताईच्या टेबलाशी उभं राहून सांगितलं. पोपट तेव्हा पाणी प्यायला गेला होता.

तो परत आला तोवर सूचनांच्या पानावर गोंधळ माजला होता. लोक घाबरले होते, पोपटदादा बोला, पोपटदादा गप्प का, असा एकच धोशा. पोराचे कान लाल झाले. त्याने भराभर चार ओळी टाइप केल्या आणि खुर्ची मागे ढकलून ताईकडे वळला. पडद्यावर लिहिलं होतं : 'पेट्यांना आज पंख फुटलेत! आमची माणसं जाळं घेऊन निघालीत. तुम्ही निवांत खेळत राहा. कुणाचंही काही जाणार नाही.'

"ताई, एवढं टाकू ना?"

ताईने वाचलं. शेवटच्या ओळीवर तिची नजर थांबली. सर्व्हरवाल्यांचा निर्णय होईपर्यंत खेळाडूंना कसलीही हमी द्यायची नाही, हे या कामातलं पहिलं कलम, आणि ते तिनेच घालून दिलं होतं. 'खेळत राहा' हे तर त्याहून वाईट. उद्या सगळं मागे न्यायची पाळी आली तर लोक जितकं जास्त खेळलेले असतील तितकं जास्त जाणार. हे सगळं तिच्या जिभेवर आलं. त्याच वेळी पोपटाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक नवा बदाम उगवला, कालच्या सूचनेला कुणीतरी आत्ता दिलेला.

"तुझं लिहिलेलं लोकांना आवडतं," ती म्हणाली. "टाक."

त्याने टाकलं. ताई आपल्या पडद्याकडे वळली, आणि तिला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. एकदा तोंडावर आपटू दे, एवढाच विचार तिच्या मनात होता. कुणाचं नुकसान व्हावं असं काही तिच्या मनात नव्हतं. नुकसान होणारी माणसं त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर नव्हतीच, फक्त तो हिरवा पोपट होता.

संध्याकाळच्या आत साहेबांच्या खोलीत सगळे जमले. सर्व्हरवाली बाई खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत. त्यांनी सांगितलं की, एकेक जादा पेटी शोधून काढता येणार नाही. दुप्पट झालेला माल लोकांनी बाजारात विकलाय, विकत घेणाऱ्याने त्याच्या फळ्या केल्यात, फळ्यांची गलबतं झालीत. खरं कुठलं आणि जादा कुठलं, हे आता देवालाही सांगता यायचं नाही. ज्यांचं नाहीसं झालं त्यांची तर नोंदच उरलेली नाही. एकच मार्ग होता : आत्ताच्या आत्ता दारं बंद करायची आणि सकाळी काढून ठेवलेली प्रत परत बसवायची. म्हणजे सगळा खेळ सकाळच्या स्थितीला. दारं उघडल्यापासून कुणी जे जे केलं, ते सगळं पुसलं जाणार, मग तो लबाड असो की प्रामाणिक.

साहेबांनी विचारलं की, लोकांना आवरायला अर्धा तास द्यावा का. बाई म्हणाल्या, आवरून ठेवतील ते तरी कुठे राहणार आहे, उलट प्रत्येक मिनिटाला आणखी जाणार. मग साहेबांनी पोपटाची दुपारची सूचना पडद्यावर लावली आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

"हे कुणाला विचारून लिहिलंस?" साहेब म्हणाले.

ताईने टेबलाच्या कडेला नखाने रेघ ओढली. पोपटाचा चेहरा पार उतरला होता. तो एकदा ताईकडे बघेल असं तिला वाटलं. त्याने बघितलं नाही.

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "घाईत लिहिलं. माझीच चूक."

आता खरं म्हणजे ताईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला संताप आला. हे सुद्धा यालाच जमावं? बदाम यालाच, कविता यालाच, आणि आता मोठेपणाही यालाच? तिला त्याचा जेवढा हेवा त्या क्षणी वाटला तेवढा बदामांच्या पावसातही वाटला नव्हता. आणि ती मूग गिळून बसली.

साहेबांनी निकाल दिला. उद्यापासून पोपटाने फक्त तक्रारींना उत्तरं द्यायची, सूचना पुन्हा ताई लिहील. आजचं निवेदनही ताईच लिहील, पण जाईल ते पोपटाच्या नावाने. ज्याने हमी दिली त्यानेच माघार घेतली पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील पोपटाला उडवून लावलं.

ताई लिहायला बसली. राग असो की काही असो, लिहायला बसल्यावर तिचा क्रम चुकत नसे. तिने आधी ते लिहिलं जे लोकांना आधी हवं असतं :

'आम्ही आत्ता खेळ बंद केला आहे. आज सकाळच्या देखभालीनंतर तुम्ही जे मिळवलं, बांधलं, विकलं किंवा गमावलं, ते राहणार नाही. तुम्ही परत याल तेव्हा सगळं सकाळी खेळ बंद झाला त्या क्षणी होतं तसं असेल. आज ज्यांनी नवीन खातं उघडलं, त्यांना ते पुन्हा उघडावं लागेल.'

मग जे जाणार नव्हतं ते : खऱ्या पैशांनी आज जे विकत घेतलं त्याच्या नोंदी वेगळ्या असतात, ते जसंच्या तसं परत दिलं जाईल, त्यासाठी कुणाला काही करावं लागणार नाही. मग जादा पेट्या निवडून का काढता येत नाहीत, ते फळ्यांचं उदाहरण देऊन. नवं अपडेट सध्या काढून घेतलंय, ते दुरुस्त झाल्यावरच पुन्हा येईल. खेळ कधी उघडेल, त्याची वेळ तिने लिहिली नाही. वेळ आज सांगता येत नाही, दर तासाला याच पानावर कळवू, असं लिहिलं. आणि शेवटी, फार वेळ पडद्याकडे बघत बसून :

'दुपारी इथेच लिहिलं होतं की तुम्ही खेळत राहा, कुणाचंही काही जाणार नाही. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत नसताना लिहिलं. त्या शब्दावर विसंबून तुम्ही आजची दुपार खर्च केलीत, ती आम्ही परत देऊ शकत नाही. याची आम्हाला शरम वाटते.'

पोपटाने ते वाचलं, नाक ओढलं आणि म्हणाला, "ताई, असं मला कधीच जमलं नसतं." मग त्याने ते आपल्या हिरव्या चित्राखाली लावलं. पहिल्यांदा शिव्या आल्या, भरपूर आल्या. मग कुणीतरी लिहिलं, निदान खरं तरी बोलला. आणि मग, त्या सगळ्या नुकसानीच्या वर, बदाम यायला लागले. तिच्या वाक्यांना, पोपटाच्या नावावर.

ताई घरी आली तेव्हा दिवे लागले होते. सासूबाई सोफ्यावर टॅबलेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पडदा चालू होता, पण त्या तिकडे बघत नव्हत्या. नवऱ्याने स्वयंपाकघरातूनच हाताने खूण केली, आज जपून.

"गेलं गं," सासूबाई म्हणाल्या. "गलबत आज पाण्यात सोडलं होतं आम्ही. दुपारी मी बंद करून जरा पडणार होते, गुडघा ठणकत होता. तेवढ्यात पोपटाने लिहिलं, खेळत राहा म्हणून. मग म्हटलं, संपवूच आज. सगळ्यांना हाका मारून बोलावलं. ती एक आहे आमच्यातली, तिची रात्र होती तिकडे, ती झोपेतून उठून आली."

ताई दारातच उभी राहिली. हातातली पिशवी खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. दुपारी डोळ्यांसमोर नसलेली माणसं आता समोर सोफ्यावर बसली होती.

सासूबाईंनी चष्मा पुसला. "नाव काय द्यायचं यावर तासभर भांडलो. शेवटी पोपट ठेवलं. आता त्याच्यावर रागवावं म्हटलं तर हे वाच त्याने काय लिहिलंय. दुपार परत देऊ शकत नाही म्हणतो. माणसाला कळतं गं, दुसऱ्याचं काय गेलं ते."

"आई, ते मी लिहिलंय," ताई म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला कळलं की, ती ते कबुली म्हणून बोललीच नव्हती. तिला फक्त ते वाक्य परत हवं होतं. एवढ्या वर्षांनी घरातल्या कुणाचे तरी डोळे तिच्या लिहिण्याने ओले झाले होते, आणि तेही त्या पोपटाच्या खात्यावर जमा होत होतं.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि दुपारचं?"

"ते त्याने लिहिलं."

"मनानेच?"

नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला होता. ताईला वाटलं, हो म्हणावं. ऑफिसात ते झालंच होतं, पोराने स्वतःच्या तोंडाने मान्य केलं होतं, पुन्हा कुणी विचारणारही नव्हतं.

"मला विचारून," ती म्हणाली. "चूक आहे हे मला माहीत होतं. तरी टाक म्हटलं. सगळे त्याला डोक्यावर घेतात, तुम्हीसुद्धा, ते मला बघवत नव्हतं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने माझं नावसुद्धा घेतलं नाही."

सासूबाईंनी टॅबलेट बंद करून उशीखाली सारला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या दिवशी त्यांना जेवायला एकदाही हाक गेली नाही; हाक मारायची कुणाची छातीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात गेली ती सरळ साहेबांच्या खोलीत. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, घरी सांगितलं त्याच शब्दांत, फक्त सासूबाईंचा भाग गाळून. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पोपटाला सूचना परत मिळाल्या. ताईला त्या सूचना जाण्याआधी तपासून सही करायचं काम मिळालं. सही ऑफिसातल्या कागदावर, खेळाडूंना न दिसणारी.

पोपटाला कळलं तेव्हा तो ताईच्या टेबलाशी आला, नुसता उभा राहिला आणि म्हणाला की, चहा आणू का. ताईला वाटलं, याने एकदा तरी भांडावं. त्याने चहा आणला, आणि तो बरा होता.

खेळ उघडला. दुरुस्त झालेलं अपडेट पुढे काही आठवड्यांनी आलं. त्या वेळी पोपटाने आगाऊ सूचनेत लिहिलं होतं, 'दुपारी दारं उघडतील.' ताईने ते खोडून 'दुपारी उघडायचा प्रयत्न आहे, उशीर झाला तर इथेच कळवू' असं केलं. बाकी झाडू आणि गलबतांचा सगळा फाजीलपणा तिने तसाच ठेवला. बदाम आले. ते तिने मोजले नाहीत असं नाही.

घरी सासूबाई तिच्याशी बोलत होत्या, पण कामापुरतं. दूध आलं का, गॅस बंद केलास का. धुक्यातल्या बेटावरचं लाकूड मात्र पुन्हा पहिल्यापासून चालू होतं. एका रविवारी ताई कपड्यांच्या घड्या घालत असताना सोफ्यावरून हाक आली.

"अगं ये, बघ. सोडलं पाण्यात."

ताई हातातला टॉवेल तसाच घेऊन धावत गेली. किती दिवसांनी अशी हाक आली होती. पडद्यावर ते भलंमोठं गलबत धक्क्यावरून हळूहळू पाण्यात सरकत होतं, आजूबाजूला टोळीतली माणसं उड्या मारत होती. जिथे नाव लिहिलेलं असतं ती मागची बाजू दिसू लागली तशी ताई वाकली. एवढ्या सगळ्यानंतर, तिला आशा होती. कसली ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण सगळं खरं सांगितलं होतं तिने, साहेबांपर्यंत जाऊन सांगितलं होतं, आणि ते निवेदनही तिचंच होतं.

गलबतावर लिहिलं होतं : पोपट.

"नाव तेच ठेवलंत," ताई म्हणाली. आवाज सरळ ठेवायचा तिने प्रयत्न केला.

"तेच," सासूबाई म्हणाल्या. त्यांची नजर गलबतावरच होती. "त्या पोराने साहेबांपुढे तुझं नाव घेतलं नाही ना, म्हणून."

ताई टॉवेलची घडी घालत तिथेच उभी राहिली. मग सासूबाई थोड्या सरकल्या, आणि ती शेजारी बसली.